बचतीची चालू बेरीज: रेघ कशी काढायची, आणि ती आडवी पडली किंवा उभी झाली तर काय समजायचं

दर आठवड्याला बाजूला टाकलेले पैसे वहीत लिहून ठेवणाऱ्या बायका सोलापुरात घरोघरी सापडतील. पाचशे, सहाशे, एखादा आठवडा कोरा, मग एकदम तेराशे. वही चोख असते. पण "ठरवलेली वस्तू ठरवलेल्या दिवशी घेता येईल का?" असं विचारलं, की वहीत उत्तर सापडत नाही. त्या आकड्यांची चालू बेरीज करून रेघ काढली, की उत्तर दिसायला लागतं. ही रेघ कशी काढायची आणि काढल्यावर तिच्याकडे काय म्हणून बघायचं, ते एका खऱ्या गरजेच्या हिशेबावरून सांगते.

सोलापूरच्या विडी घरकुल वसाहतीतल्या एक काकू घरी बसून शाळेच्या गणवेशाची शिलाई करतात. कारखान्यातून कटिंग केलेला माल येतो, नगावर मजुरी ठरलेली असते आणि आठवड्याला हिशेब होतो. त्या कारखान्याचा हिशेब मी लिहिते, त्यातून आमची ओळख. काकूंना टेबल-मोटरसह शिलाईचं मशीन आणि एक जुनं ओव्हरलॉक घ्यायचं होतं. दुकानदारानं दोन्ही मिळून ३९,००० रुपये सांगितले. मुदत ठरली एक वर्ष, म्हणजे ५२ आठवडे. भागाकार सोपा आहे: आठवड्याला ७५०. पहिली नोंद २ फेब्रुवारी २०२५ च्या रविवारी झाली.

नोंद कशी ठेवायची

तीन रकाने पुरतात: तारीख, या आठवड्यात टाकलेली रक्कम आणि चालू बेरीज. चालू बेरीज म्हणजे मागच्या ओळीतल्या बेरजेत या आठवड्याची रक्कम मिळवायची. काकूंचे पहिले सहा आठवडे असे होते:

| आठवडा | टाकलेले | चालू बेरीज |
|---|---|---|
| १ | ५०० | ५०० |
| २ | ६०० | १,१०० |
| ३ | ५०० | १,६०० |
| ४ | ० | १,६०० |
| ५ | ७०० | २,३०० |
| ६ | ६०० | २,९०० |

चौथा आठवडा नीट बघा. काही टाकलं नाही म्हणून ओळ गाळलेली नाही. तिथं शून्य लिहिलं आणि बेरीज होती तशीच खाली उतरवली. या एका सवयीवर सगळी रेघ उभी असते, त्यामुळे ती पहिल्या आठवड्यापासून लावून घ्या. तारखा आधीच सगळ्या लिहून ठेवल्या, की शून्याची ओळ गाळायचा मोहच होत नाही.

आधीचे काही पैसे साठलेले असतील तर ते पहिल्या आठवड्याच्या रकमेत मिसळू नका. सर्वांत वर "आरंभीची शिल्लक" अशी वेगळी ओळ करा आणि रेघ तेवढ्या उंचीवरून सुरू करा. नाहीतर पहिल्याच आठवड्यात मोठी उडी दिसेल, आणि ती या वर्षाच्या कमाईतली नसेल.

कागदावर रेघ

शाळेच्या आलेखवहीचं एक पान घ्या. आडवी बाजू आठवड्यांची, उभी बाजू रुपयांची. काकूंसाठी आम्ही मोजमाप असं धरलं: आडवं एका आठवड्याला २ मिलिमीटर आणि उभं ३,००० रुपयांना १ सेंटिमीटर. म्हणजे ५२ आठवडे साडेदहा सेंटिमीटरच्या आत बसतात आणि ३९,००० रुपये बरोबर १३ सेंटिमीटर उंच जातात. सगळं वर्ष एका पानावर मावलं पाहिजे. पान संपलं म्हणून पुढच्या पानावर नव्यानं सुरुवात केली तर चढ कसा बदलला हे शेजारी शेजारी ठेवून बघता येत नाही.

आधी पेन्सिलीनं, खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या शून्यापासून ५२ व्या आठवड्याच्या ३९,००० पर्यंत पट्टीनं सरळ रेघ मारा. ही ठरलेली रेघ. दर आठवड्याला नेमके ७५० टाकले तर बेरीज याच रेघेवरून जाईल. मग आपले ठिपके शाईनं मांडायचे: सहाव्या आठवड्याचा ठिपका १२ मिलिमीटर उजवीकडे आणि २,९०० च्या उंचीवर, म्हणजे १ सेंटिमीटरपेक्षा किंचित खाली. ठिपके पट्टीनं जोडा. हातानं गोलाई देऊ नका, कारण गोलाई दिली की शून्याचा आठवडा त्यात विरघळून जातो.

सहाव्या आठवड्याला ठरलेली रेघ ४,५०० वर होती आणि काकू २,९०० वर. सोळाशेनं मागे. काकू थोड्या खट्टू झाल्या. पण गणवेशाच्या धंद्यात फेब्रुवारी हा कामाचा महिना नव्हेच, आणि हे पुढे रेघेनंच दाखवून दिलं.

मोबाइलवर किंवा संगणकावर

`Google Sheets` किंवा `Excel` वापरत असाल तर A रकान्यात तारीख, B मध्ये रक्कम, C मध्ये चालू बेरीज आणि D मध्ये ठरलेली रेघ ठेवा. पहिली ओळ मथळ्यांची. दुसऱ्या ओळीत ही सूत्रं लिहून खाली ५३ व्या ओळीपर्यंत ओढा:

```
C2:  =IF(B2="",NA(),SUM($B$2:B2))
D2:  =750*(ROW()-1)
```

C2 मध्ये `SUM($B$2:B2)` एवढंच लिहिलं तरी बेरीज येते. पण तेवढ्यावर थांबलात तर एक फसवणूक होते. अजून न आलेल्या आठवड्यांच्या ओळी रिकाम्या असतात आणि सूत्र तिथंही आजचीच बेरीज पुन्हा पुन्हा लिहितं. त्यामुळे आजच्या तारखेपासून वर्षअखेरपर्यंत रेघ सपाट आडवी दिसते, आणि नवीन माणसाला वाटतं बचतच थांबली. वरच्या सूत्रातलं `NA()` त्या ओळी रेखाटू देत नाही. त्या खान्यांत `#N/A` दिसलं तर घाबरू नका, ती चूक नव्हे.

मग A, C, D हे तीन रकाने निवडून `Insert` मधून `Chart` आणि प्रकार `Line chart` घ्या. `Smooth` असा पर्याय दिसला तर तो बंद ठेवा, कारण तो हाताच्या गोलाईचंच काम करतो.

तारखांचं एक बघून घ्या. काही न करता तारीख खान्यात उजव्या कडेला चिकटली असेल तर संगणकानं ती तारीख म्हणून ओळखलीय. डाव्या कडेला चिकटली असेल तर त्याच्या लेखी ती नुसती अक्षरं आहेत, आणि मग दोन नोंदींत एक आठवडा असो की चार, रेघेत अंतर सारखंच पडतं. अशा वेळी शून्याच्या ओळी गाळल्या तर भलतंच चित्र उमटतं. समजा पावसाळ्याच्या दहा आठवड्यांत फक्त पाच वेळा सहाशे-सहाशे टाकले. खरा वेग आठवड्याला ३०० चा. पण रिकाम्या आठवड्यांच्या ओळीच नसतील तर तेच ३,००० रुपये पाच घरांत चढतात आणि रेघ ६०० च्या वेगानं चढताना दिसते. रेघ उभी झाली असं वाटलं की सर्वांत आधी हे तपासा: कुठली ओळ गळली तर नाही ना?

उंची वेगळी, चढ वेगळा

या लेखातली हीच गोष्ट नीट समजून घ्यायची आहे, म्हणून इथं जरा थांबते.

रेघेची उंची सांगते आजवर किती साठले. रेघेचा चढ सांगतो सध्या किती वेगानं साठताहेत. उंची मागच्या सगळ्या महिन्यांची मिळून बनते, चढ फक्त आत्ताचा असतो. मुदतीला पोचणार की नाही, हे ठरतं उरलेल्या रकमेवर आणि आत्ताच्या चढावर.

काकूंच्या रेघेचं पुढे काय झालं ते बघा. मार्चच्या मध्यापासून गणवेशाचा हंगाम लागला. कारखान्यात रात्री उशिरापर्यंत दिवे, घरी कटिंगचे गठ्ठे, काज-बटणाला मुली हाताशी. सातव्या ते विसाव्या आठवड्यात काकूंनी सरासरी १,३०० टाकले. चौदा आठवड्यांत १८,२०० वाढले आणि १५ जूनला, शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, बेरीज २१,१०० वर पोचली. ठरलेली रेघ तेव्हा १५,००० वर होती. म्हणजे ६,१०० नं पुढे. रेघ उभी झाली होती आणि ती खरोखरच उभी झाली होती.

मग शाळा सुरू झाल्या आणि माल यायचा कमी झाला. पुढचे चार आठवडे काकू आठवड्याला जेमतेम ३०० टाकू शकल्या. चोविसाव्या आठवड्याला बेरीज २२,३००, ठरलेली रेघ १८,०००. मी म्हटलं, "काकू, रेघ आडवी पडायला लागली." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "अगं, वरच आहे की! चार हजारांनी वर आहे. कशाला काळजी?"

त्यांचं उंचीबद्दलचं म्हणणं बरोबर होतं. आता चढ बघू. उरले होते ३९,००० वजा २२,३००, म्हणजे १६,७००. आठवडे उरले २८. भागाकार केला तर आठवड्याला सुमारे ६०० हवे होते. पडत होते ३००. याच चढानं रेघ पुढे ओढली तर २८ आठवड्यांत ८,४०० वाढतील आणि वर्षअखेर बेरीज ३०,७०० वर थांबेल. आठ हजार तीनशे कमी. रेघ ठरलेल्या रेघेच्या वर असतानाच तूट ठरून गेली होती.

म्हणून दर महिन्याला हे दोन आकडे शेजारी लिहायचे. पहिला, मागच्या चार आठवड्यांची सरासरी. दुसरा, उरलेली रक्कम भागिले उरलेले आठवडे. पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तर पोचाल. लहान असेल तर रेघ कितीही वर असली तरी काहीतरी बदलावं लागेल. संगणकावर पाचव्या ओळीत E मध्ये पहिला आणि F मध्ये दुसरा आकडा असा येतो:

```
E5:  =AVERAGE(B2:B5)
F5:  =(39000-C5)/(52-(ROW()-1))
```

ही दोन्ही सूत्रं त्या आठवड्याची रक्कम लिहिल्यावरच एकेक ओळ खाली ओढा. आणि `AVERAGE` रिकामा खाना मोजतच नाही, हे लक्षात असू द्या. चारातला एक आठवडा कोरा सोडला तर ते तिघांचीच सरासरी काढतं आणि तुमचा वेग उगाच जास्त दाखवतं. पुन्हा शून्याचंच महत्त्व. F चं सूत्र ५३ व्या ओळीत चालणार नाही, कारण तिथं उरलेले आठवडे शून्य होतात. त्या ओळीत ते लिहूच नका.

कागदावर हेच पट्टीनं होतं. शेवटच्या ठिपक्यापासून ८ मिलिमीटर मागे जा, म्हणजे चार आठवडे. तिथून आजपर्यंत रेघ किती मिलिमीटर वर गेली ते मोजा. आमच्या मोजमापात एक मिलिमीटर म्हणजे ३०० रुपये. ठरलेली रेघ चार आठवड्यांत १० मिलिमीटर चढते. हंगामात काकूंची रेघ १७ मिलिमीटर चढत होती, आणि त्या जुलैत ४.

नुसत्या डोळ्यांवर मात्र विसंबू नका. तोच आलेख मोबाइल आडवा धरून बघितला की रेघ झोपल्यासारखी दिसते, उभा धरला की ताठ. रुपयांची बाजू शून्याऐवजी २०,००० पासून सुरू केली तर छोटासा चढही डोंगराएवढा वाटतो. म्हणून उभी बाजू शून्यापासूनच ठेवा, आणि रेघ "उभी" किंवा "आडवी" म्हणायची ती त्याच चित्रातल्या ठरलेल्या रेघेशी ताडून. शिवाय बेरीज मोठी होत जाते तसा एखादा वाईट आठवडा चित्रात लहान दिसायला लागतो. बावीस हजारांच्या उंचीवर शून्याचा एक आठवडा जवळपास दिसतच नाही. हा चालू बेरजेच्या रेघेचा खरा तोटा आहे, आणि वरचे दोन आकडे तो भरून काढतात.

आडवी पडण्यामागचं कारण ओळखायचं

रेघ आडवी पडली, की लगेच घरखर्चाला कात्री लावायला धावू नका. आधी कारण शोधा, कारण उपाय कारणाप्रमाणे बदलतो.

कधी कधी फक्त नोंद राहिलेली असते. पैसे डब्यात किंवा खात्यात पडलेत, वहीत उतरलेले नाहीत. ओळखण्याची खूण सोपी: महिन्यातून एकदा डबा आणि पासबुक मिळून येणारी खरी रक्कम चालू बेरजेशी जुळवून बघा. खरी रक्कम जास्त निघाली तर नोंद राहिली. कमी निघाली तर पैसे काढलेत आणि लिहिलेले नाहीत.

कामाचं मान कमी झालं तर रेघ हळूहळू न वाकता एखाद्या ठिकाणी मोडते, आणि ते ठिकाण तारखेशी जुळतं. काकूंची रेघ शाळा सुरू झाल्या त्याच आठवड्यात मोडली. गणवेशाऐवजी टॉवेल-चादरीच्या किंवा विड्यांच्या कामावर घर चालत असेल तर तुमची मोडण्याची तारीख वेगळी असेल, पण असेल नक्की. अशा वेळी खर्चाला दोष देऊन उपयोग नाही, कारण खर्च वाढलेलाच नसतो. इथं दुसरं काम शोधणं किंवा हंगामात जास्त टाकणं हाच मार्ग.

तिसरं कारण अवघड. मजुरी पूर्वीएवढीच येतेय, तरी दर आठवड्याला टाकायची रक्कम पन्नास-शंभरानं घटत जाते. ७००, ६५०, ६००, ५००. ही रेघ मोडत नाही, ती हळूच वाकते, आणि म्हणूनच उशिरा लक्षात येते. नवा हप्ता, वाढलेलं रेशन, रोजचा बसखर्च, असं काहीतरी कायमचं घरात शिरलेलं असतं. वाकलेली रेघ दिसली, की चार आठवड्यांच्या सरासरीचा रकाना वरून खाली वाचा. आकडा सलग तीनदा उतरला असेल तर घरात बसून खर्चाची यादी करायची वेळ आली.

काकूंचं दुसऱ्या प्रकारातलं होतं. ऑगस्टच्या शेवटी, तिसाव्या आठवड्याला बेरीज २४,१०० होती आणि ठरलेली रेघ २२,५००. चार हजारांची आघाडी सोळाशेवर आली होती आणि लागणारा वेग ६७७ वर चढला होता. तेव्हा काकूंनी नवरात्र-दिवाळीसाठी आजूबाजूच्या बायकांचे ब्लाउज आणि फॉल-पिको घ्यायला सुरुवात केली. पुढचे आठ आठवडे सरासरी ८०० पडले. रेघ परत उभी झाली, हंगामाएवढी नाही, पण ठरलेल्या रेघेच्या चढापेक्षा जास्त.

खाली गेलेली रेघ आणि उडी मारलेली रेघ

मधेच तेहतिसाव्या आठवड्यात घरात आजारपण आलं आणि काकूंनी १,५०० काढले. काकू ही रक्कम वहीत लिहायला तयार नव्हत्या. "परत टाकणारच आहे, मग कशाला लिहायचं?" पण न लिहिता ठेवलं तर रेघ १,५०० नं खोटी उंच राहते आणि पुढचा प्रत्येक भागाकार चुकतो. काढलेली रक्कम वजा चिन्हानं लिहायची, आणि त्याच आठवड्यात काही टाकलं असेल तर दोन्ही मिळून उरेल ते. काकूंनी त्या आठवड्यात ८०० टाकले होते, म्हणून नोंद झाली वजा ७००. रेघ त्या ठिकाणी खाली आली. ती खाली येणं ठीक आहे. बघायचं ते त्यानंतर तिचा चढ पूर्वीएवढाच राहिला का, हे. राहिला असेल तर तो एक खर्च होता, तो आला आणि गेला. चढही कमी झाला असेल तर खर्च अजून चालू आहे.

१९ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, बेरीज २९,००० झाली. ठरलेल्या रेघेच्या पाचशेनं वर. पुढच्या आठवड्यात काकूंनी दिवाळीच्या बक्षिशीतले ३,००० टाकले आणि रेघ एकदम ३२,००० वर गेली. भिशी लागली, बोनस आला, जुनी उधारी वसूल झाली, की असंच होतं. चित्रात ती जागा जवळपास सरळ उभी दिसते.

इथं फसायला होतं. त्या आठवड्यासकट मागच्या चार आठवड्यांची सरासरी काढली तर ८००, ८००, ८०० आणि ३,००० मिळून १,३५० येते. काकूंना वाटलं हंगाम परत आला. पण उडी म्हणजे चढ नव्हे. उडीनं उंची वाढली, वेग होता तेवढाच, ८००. म्हणून एकदाच आलेली रक्कम उंचीत धरायची आणि वेगाच्या सरासरीतून वगळायची. वहीत तिच्यापुढे फुली मारून ठेवा, म्हणजे सरासरी काढताना डोळ्यांसमोर येते.

उडीनं लागणारा वेग मात्र खरोखर कमी झाला. उरले ७,०००, आठवडे १३, म्हणजे सुमारे ५४० पुरेत. यातली धोक्याची जागा पुढे आहे. दिवाळी संपली की ब्लाउजचं काम ओसरतं, आणि शेवटच्या तीन आठवड्यांत संक्रांत आणि सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा येते. पाहुणे येतात, पोरं पाळण्यासाठी हट्ट धरतात, घरातून पैसा जातोच. सरासरी ४०० वर आली तर १३ आठवड्यांत ५,२०० होतील आणि बेरीज ३७,२०० वर अडकेल. उडीनंतरच्या निवांत आठवड्यांतच अठराशेची तूट तयार होते. म्हणून काकूंनी नोव्हेंबर-डिसेंबरच्या दहा आठवड्यांत ६५० धरले आणि गड्ड्याच्या तीन आठवड्यांना फक्त दोनशे-दोनशे ठेवले. ६,५०० आणि ६००, मिळून ७,१००. शंभर जास्तच.

दुसऱ्या वर्षी ठरलेली रेघ वाकवायची

पहिल्या वर्षी सरळ रेघेशिवाय गत्यंतर नसतं, कारण आपला हंगाम आकड्यांत ठाऊक नसतो. पण एकदा वर्षभराची रेघ हातात आली, की ठरलेली रेघही तशीच वाकवता येते. काकूंच्या पद्धतीच्या कामासाठी ३९,००० ची वाटणी अशी पडते: पहिले सहा आठवडे ५००, मग चौदा आठवडे १,३००, दहा आठवडे ३००, आठ आठवडे ८०० आणि शेवटचे चौदा आठवडे ६००. बेरीज बरोबर ३९,००० येते. संगणकावर ही रक्कम G रकान्यात आठवड्याप्रमाणे भरायची आणि D चं सूत्र बदलायचं:

```
D2:  =SUM($G$2:G2)
```

आता याच वाकलेल्या रेघेशी पहिल्या वर्षाचा चोविसावा आठवडा ताडून बघा. वाकलेली रेघ तिथं २२,४०० वर आहे, काकू होत्या २२,३०० वर. शंभर रुपये मागे. सरळ रेघ त्याच दिवशी ४,३०० नं पुढे असल्याचं सांगत होती. आणि सहाव्या आठवड्याला, जिथं सरळ रेघ १,६०० नं मागे म्हणून काकूंना खट्टू करत होती, तिथं वाकलेली रेघ ३,००० वर आहे. म्हणजे तिथंही फक्त शंभरनं मागे. फेब्रुवारीतली काळजी आणि जुलैतली निश्चिंती, दोन्ही सरळ रेघेनं दिलेल्या होत्या. जुलैत रेघ आडवी असणार हे आधीच मांडलं असेल तर तिथं आडवी रेघ म्हणजे इशारा नाही. एप्रिलमध्ये ती आडवी पडली तर मात्र त्याच आठवड्यात कारण शोधायला हवं, कारण तो कसर भरून काढायचा महिना नव्हे, साठवायचा महिना आहे.

भाव बदलला तर

मुदतीच्या मधेच दुकानदार भाव वाढवतो हेही धरून चाला. काकूंनी दिवाळीनंतर चौकशी केली असती आणि मशीन ४१,००० झालेलं निघालं असतं, तर पहिली ठरलेली रेघ खोडायची नाही. आजच्या ठिपक्यापासून, म्हणजे एकोणचाळिसाव्या आठवड्याच्या ३२,००० पासून, ५२ व्या आठवड्याच्या ४१,००० पर्यंत वेगळ्या रंगानं नवी रेघ मारायची. उरले ९,०००, आठवडे १३, लागणारा वेग सुमारे ६९०. F च्या सूत्रातला 39000 बदलून 41000 करायचा. नवी रेघ शून्यापासून ओढू नका. तसं केलं तर मागचे सगळे आठवडे एकदम मागे पडल्यासारखे दिसतात, आणि त्या आठवड्यांचं आता काही करता येत नाही. ६९० जमण्यासारखे नसतील तर रक्कम तीच ठेवून मुदत पुढे न्या: ६०० च्या वेगानं ९,००० ला १५ आठवडे लागतात, म्हणजे मशीन दोन आठवडे उशिरा, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. तेव्हाही गणवेशाचा हंगाम लागायला महिनाभर असतो.